खांदा उजव्याचा, दुखणं डाव्याचं

प्रश्न: माझी जोडी साधारण ४०० किलोची, एक ६ वर्षांचा, एक ८ वर्षांचा. दोन महिने बांधून होते. वखरणी सुरू केली, आज नववा दिवस. उजव्या बैलाच्या खांद्यावर जोडीदाराच्या बाजूला नारळाएवढी सूज आली आहे, हाताला गरम लागते, कातडी फुटलेली नाही. हळद-तेल लावतो आणि जुवाखाली गोणपाट घालतो. डावा थोडा मागे राहतो, पण तो पहिल्यापासूनच आळशी आहे. दोघांना कडबा आणि प्रत्येकी दोन किलो पेंड. अजून पंधरा दिवसांचं काम आहे. सुजेवर काय लावू, आणि निदान अर्धा दिवस तरी जुंपता येईल का?

उत्तर: अर्धा दिवसही नाही. आज जू उतरवा आणि सूज पूर्ण बसेपर्यंत त्या मानेवर काहीही ठेवू नका, रिकामी गाडीसुद्धा नाही. सूज ताजी आहे, कातडी शाबूत आहे, म्हणजे आत्ता थांबलात तर सात ते दहा दिवसांत बैल मोकळा होईल. याच सुजेवर अजून चार दिवस जू टेकलं तर दोनपैकी एक होतं. आत पू धरतो, किंवा मांस घट्ट होऊन दगडासारखी गाठ बनते. ती गाठ मग दुखत नाही, म्हणून लोकांना वाटतं बरं झालं. पण ती उंच राहिलेली असते, आणि पुढच्या प्रत्येक हंगामात जू नेमकं तिच्यावरच पहिलं टेकतं.

आता मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं ते सांगतो. "जोडीदाराच्या बाजूला" हे दोन शब्द नसते तर मी जू तपासा, ओझं कमी करा, असं ठरलेलं उत्तर दिलं असतं. नुसत्या जास्त ओझ्याने किंवा खडबडीत जुवाने जी खांदेसूज येते ती बहुधा मानेच्या मध्यावर, वशिंडाच्या लगेच पुढे येते, किंवा दोन्ही बाजूंना सारखी पसरते. तुमची एका बाजूला आहे, तीही आतल्या. याचा अर्थ जू सरळ चालत नव्हतं, तिरकं चालत होतं.

हे डोळ्यांपुढे आणून बघा. दोन्ही बैल बरोबरीने चालतात तेव्हा जू आडवं सरळ असतं आणि बैलाचं वशिंड पूर्ण रुंदीने जुवाला मागून रेटतं. डावा वीतभर मागे राहिला की जुवाचं उजवं टोक पुढे जातं आणि डावं मागे. आता उजव्या बैलाच्या मानेवर जुवाचा जो भाग आहे, त्याची आतली बाजू, म्हणजे डाव्या बैलाकडची, मागे कललेली असते. सगळी ओढ तिथल्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यावर येते. तेवढ्याच ओझ्यात दाब दुप्पट-तिप्पट, आणि प्रत्येक पावलाला घासणं वेगळं. आतली शिवळही मानेला घासत राहते. डाव्या बैलाचा खांदाही बघा. तिथे खूण असली तर ती बाहेरच्या बाजूला, केस झिजल्यासारखी दिसेल. तशी दिसली तर माझा अंदाज बरोबर आहे असं धरा.

म्हणून उजव्याच्या खांद्यावर औषध लावणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, डावा मागे का राहतो ते शोधणं. "पहिल्यापासूनच आळशी" हे मी फार ऐकलं आहे. आळशी बैल सकाळपासून आळशी असतो आणि आवाज दिला की चार पावलं तरी उचलतो. दुखऱ्या पायाचा बैल रिकाम्या वाटेवर ठीक चालतो, ओझं आलं की मागे पडतो, कडक जमिनीवर जास्त आणि भुसभुशीत जमिनीवर कमी. तुमचा डावा यातला कोणता, हे तुम्ही आठवून सांगू शकाल.

आधी उजव्याचा खांदा. पहिले दोन दिवस गार पाणी, दुसरं काही नाही. जाड फडकं गार पाण्यात भिजवून सुजेवर ठेवायचं, गरम झालं की पुन्हा भिजवायचं, असं वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मधल्या वेळात मॅग्नेशियम सल्फेट ग्लिसरीनमध्ये कालवून, दह्याइतकं घट्ट करून, सुजेवर जाडसर थापून ठेवा. दोन्ही औषधाच्या दुकानात मिळतात. हा लेप कातडीतून पाणी ओढून घेतो, म्हणून सूज उतरते. पण कातडी फुटली असेल तर हा लेप लावायचा नाही, फार आग होते आणि जखम चिघळते.

तिसऱ्या दिवसापासून शेक. कोमट नव्हे, चांगलं गरम पाणी, पण आपल्या मनगटाला सोसवेल एवढंच. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या दिवशी शेकलं तर आत रक्त आणि पाणी आणखी उतरतं आणि सूज वाढते, आणि बहुतेक घरी नेमकं तेच होतं, कारण "सूज म्हणजे शेक" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हळद-तेल आत्ता बंद ठेवा. ते वाईट नाही, पण तेलावर माती चिकटते, केस चिकटतात, आणि खालची कातडी काय म्हणते ते दिसत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी बोटाने तपासा. अंगठा सुजेवर टेकवून पाच-सहा सेकंद दाबा आणि उचला. खड्डा पडून हळूहळू भरला तर आत पाणीच आहे, ते उतरेल, शेक चालू ठेवा. मधोमध मऊ लागलं, एका बोटाने दाबल्यावर दुसऱ्या बोटाला लाट जाणवली आणि भोवती कडक कडं असलं तर पू झाला आहे. सूज घट्ट आणि गार असली आणि दाबल्यावर बैलाने मान झटकली नाही तर गाठ बनू लागली आहे. या शेवटच्या दोन्हींत पशुवैद्यकाला बोलवा.

आणि घरी चिरू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतो. या कामात नवीन होतो तेव्हा अशीच एक मऊ सूज मला पू वाटली. पिकली समजून मी स्वतः पाती लावली. आत पू नव्हता, रक्त साकळलेलं होतं. फुटलेली नस तोवर बंद झाली नव्हती. रक्त थांबायला तासभर लागला, आणि मग त्या उघड्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडल्या. जो बैल दहा दिवसांत जुंपला असता तो दोन महिने दावणीला राहिला. मालकाने मला एका शब्दाने दुखावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. साकळलेलं रक्त आणि पू यातला फरक डॉक्टर सुई घालून दोन मिनिटांत बघतात.

वेदना जास्त असेल, बैल मान खाली घालून उभा राहत असेल किंवा वैरण सोडत असेल तर सूज आणि वेदनेचं इंजेक्शन लागेल, तेही डॉक्टरांकडूनच. घरातल्या माणसांच्या गोळ्या-इंजेक्शनांमधलं डायक्लोफिनॅक बैलाला कधीच देऊ नका. ते दिलेलं जनावर मेलं आणि उघड्यावर पडलं तर खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

मधेच कातडी फुटलीच तर उपचार बदलतो. फिकट गुलाबी रंगाच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, पोविडोन आयोडीन लावा, आणि माश्या बसणार नाहीत असा मलम किंवा फवारा कडेने लावा. जखमेत हालचाल दिसली, घाण वास आला, बैल सारखा शेपटीने आणि जिभेने तिकडे पोचायला बघू लागला, तर अळ्या आहेत. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ ठेवून त्या बाहेर येतील तशा चिमट्याने काढायच्या. फुटलेल्या खांद्याला मात्र दहा दिवसांचा हिशोब लागू नाही, तीन आठवडे आणि वर.

आता डावा. त्याला पक्क्या, सपाट जमिनीवर बिनओझ्याचा चालवा आणि तुम्ही मागून चाला. दुसऱ्या कुणाला कासरा धरू द्या, तुम्ही फक्त बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर डोकं फारसं सांगत नाही, कंबर सांगते. दुखऱ्या पायाच्या बाजूची कंबर जास्त वरखाली होते आणि पाऊल आखूड पडतं. मग ओल्या मातीवरून चालवून ठसे बघा. दोन नख्यांचे ठसे सारखे खोल असायला हवेत. बैल एक नखी वाचवत असेल तर तिचा ठसा उथळ येतो.

ज्या बैलाने दोन महिने बांधून काढले त्याचं खूर वाढलेलं असणारच. खूर महिन्याला साधारण पाच-सहा मिलिमीटर वाढतं. काम करणाऱ्या बैलाचं तेवढंच झिजतं, बांधलेल्याचं झिजत नाही. दोन महिन्यांत सेंटीमीटरभर, आणि आधीच थोडं लांब असलं तर बघायलाच नको. मागच्या पायाची बाहेरची नखी सगळ्यात जास्त वाढते, म्हणून सुरुवात तिथून करा. केस संपतात त्या रेषेपासून नखीच्या टोकापर्यंत पुढून मोजा. साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तीन इंचांच्या आसपास असावं. दहाच्या वर गेलं की टोक उचललं जातं, वजन टाचेवर पडतं आणि टाच दुखते. बैल मग पाऊल आखूड टाकतो. आणि मालक म्हणतो, आळशी आहे.

माझ्या पाहण्यातली एक जोडी तुमच्यासारखीच होती. उजव्याचा खांदा आतून सुजलेला, डावा मागे. डाव्याच्या मागच्या डाव्या पायाची बाहेरची नखी मोजली तर अकरा सेंटीमीटर. पाय उचलून तळ धुतला, तेव्हा नखीची भिंत आणि तळवा जिथे मिळतात त्या पांढऱ्या रेषेत एक काळा ठिपका दिसला, तिळाएवढा. पक्कडीने तिथे हलकं दाबलं तशी बैलाने लाथ घेतली. ठिपका सुरीच्या टोकाने खरवडत गेलो तर अर्ध्या सेंटीमीटरवर एक खडा आणि त्याच्यामागे काळं पातळ पाणी. खडा निघाला, पाणी वाहिलं, पाय टेकवल्यावर दहा मिनिटांत फरक दिसला. एवढ्याशा खड्यामुळे दुसऱ्या बैलाचा खांदा गेला होता. प्रत्येक वेळी खडाच निघेल असं नाही, नुसत्या वाढलेल्या नखीनेही तेच होतं. पण तळ धुतल्याशिवाय आणि दाबून बघितल्याशिवाय कळत नाही.

खूर साळून घेण्याचं काम जाणत्या माणसाकडून, खोड्यात बैल उभा करून झालं तर उत्तम. दोर बांधून पाडावा लागत असेल तर उपाशीपोटी पाडा, मऊ जमिनीवर पाडा, आणि शिंग आणि खालचा डोळा सांभाळा. भरल्या पोटी पाडलेल्या बैलाचं पोट फुगतं आणि श्वास अडकतो. साळताना आधी टोक कमी करायचं, मग तळवा सपाट करायचा. तळव्यात गुलाबी झाक दिसली किंवा अंगठ्याने दाबल्यावर तो दबला की थांबायचं. खाली जिवंत मांस आहे. टाच जवळजवळ तशीच ठेवायची. अति हौसेने टाच कापलेला बैल वाढलेल्या नखीच्या बैलापेक्षा जास्त दिवस बसतो.

पत्री मारायची का? नुसतं मऊ रानात काम असेल तर गरज नाही, ओल्या चिखलात खिळे ढिले होऊन उलट त्रास होतो. गाडी, पक्का रस्ता किंवा खडकाळ माळ असेल तर मारा. प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ. खिळे फक्त बाहेरच्या भिंतीतून जायला हवेत, दोन नख्यांच्या मधल्या बाजूने एकही नाही. त्या बाजूची भिंत पातळ असते. पत्री मारल्यावर तीन दिवसांत बैल लंगडला तर नखीला हात लावून बघा. एक नखी गरम लागली तर एखादा खिळा आत टोचला आहे. तो त्याच दिवशी काढायचा, "बसेल हळूहळू" म्हणत थांबायचं नाही.

नख्यांमधल्या बेचकीकडेही लक्ष द्या, विशेषतः चिखलाच्या दिवसांत. संध्याकाळी बैल सोडला की आधी पाय धुवायचे, बेचकीत बोट फिरवून काटा-खडा काढायचा. कातडी पांढरी, मऊ पडून वास येऊ लागला तर पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला अर्धा किलो, पाय पाच मिनिटं उभे करा, एक दिवसाआड. ते पाणी बैलाने पिता कामा नये आणि ओढ्या-विहिरीत सांडू नये, ते विषारी आहे. मात्र नख्यांबरोबर तोंडातही फोड दिसले, लाळ गळू लागली, ताप आला, तर ती लाळ्या खुरकूत आहे. तिथे मोरचूद वगैरे विसरा, जनावर वेगळं बांधा आणि डॉक्टरांना कळवा.

तुमच्या वैरणीबद्दल. दोन किलो नुसती पेंड हा पैशाचा अपव्यय आहे. पेंडीत प्रथिनं भरपूर. दूध देणाऱ्या गाईला ती लागतात, वाढत्या वासराला लागतात. ओढणाऱ्या बैलाला मुख्यतः ऊर्जा लागते, आणि ती पिठुळ धान्यातून आणि चांगल्या वैरणीतून येते. नुसत्या पेंडीवर राबणारा बैल काही दिवसांत वशिंडाच्या बुडाशी उतरतो. तिथलं मांस आणि चरबी म्हणजेच जुवाखालची नैसर्गिक गादी. ती उतरली की जू हाडाजवळ टेकतं. खांदेसूज आणि खाणं यांचा संबंध इथे आहे, आणि तो कुणी फारसा जोडत नाही.

४०० किलोच्या, दिवसात सहा तास काम करणाऱ्या बैलाला मी हे देतो: पाच ते सहा किलो कडब्याची कुट्टी, आठ-दहा किलो हिरवा चारा, आणि तीन किलो आंबोण. आंबोणात दीड किलो मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, पाऊण किलो पेंड, पाऊण किलो कोंडा किंवा चुणी. त्यात पन्नास ग्रॅम मीठ आणि पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. घामातून मीठ जातं. मीठ कमी पडलेला बैल भिंती, दोर, दुसऱ्या बैलाचं अंग चाटतो. आंबोण एका वेळी न देता दोन वेळा वाटून द्यायचं. हिरव्या चाऱ्यात कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे धुमारे घालू नका, त्याने विषबाधा होऊन बैल तासाभरात जातो.

पण आत्ता लगेच तीन किलो सुरू करू नका. एकतर बैल दावणीला आहेत. बसलेल्या बैलाला कामाचं आंबोण चालू ठेवलं, किंवा भरडा एकदम वाढवला, तर पोटात आम्ल वाढतं. बैल वैरण सोडतो, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं, आणि काही दिवसांनी चारही खुरं आतून दुखू लागतात. एक दुखणं घालवताना दुसरं आणल्यासारखं. म्हणून विश्रांतीत दीड किलो आंबोण पुरे, त्यात पेंड अर्धा किलो. काम सुरू होण्याच्या तीन दिवस आधीपासून दर तिसऱ्या दिवशी अर्धा किलो, असं चढत तीन किलोवर जा. शेण बघत चला. ते नीट गोलसर पडतंय तोवर वाढवायला हरकत नाही.

वैरण किती दिली यापेक्षा ती खायला आणि रवंथ करायला वेळ किती मिळाला हे मी आधी विचारतो. बैलाला कडबा खायला पाच-सहा तास लागतात आणि रवंथ करायला आणखी सहा ते आठ. दहा तास जुंपलेल्या बैलाच्या दिवसात ते बसत नाही. गव्हाण भरलेली असते आणि बैल रिकाम्या पोटी असतो. कुट्टी करून दिली तर थोडा वेळ वाचतो, रात्री नऊला एक वैरण टाकली तर अजून थोडा. बाकीचा वेळ कामातूनच काढायला लागतो.

म्हणून कामाची वाटणी अशी करा. उजाडताच जुंपायचं, दोन तासांनी जू उतरवून अर्धा तास सावलीत, मग पुन्हा दीड तास. ऊन चढायच्या आत सोडायचं. दुपारी चार-पाच तास पूर्ण मोकळे: आधी दम खाऊ द्या, मग पाणी, मग वैरण, मग बसून रवंथ. ऊन कललं की दोन-अडीच तास. झाले सहा तास. मधल्या अर्ध्या तासात जू मानेवरच ठेवून बैल उभे करणं ही विश्रांती नाही. दाबाखालच्या कातडीत रक्त फिरत नाही, ते फिरायला जू उतरवावं लागतं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. पंधरा दिवसांचं काम सतरा दिवसांवर जाईल, आणि मध्येच बैल बसला तर किती दिवसांवर जातं ते तुम्ही आत्ता बघताच आहात.

थकवा ओळखायला बरगडीमागची कूस बघा. सकाळी बांधलेला असताना एका मिनिटात ती किती वेळा वरखाली होते ते मोजून ठेवा, बहुधा वीस-पंचवीस येईल. कामात हा आकडा तिप्पट झाला की थांबा. सोडल्यावर अर्ध्या तासात तो सकाळच्या जवळ आला नाही तर त्या दिवसाचं काम संपलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, फेस, किंवा पाय ओढत टाकणं दिसलं तर मोजत बसू नका, सावलीत न्या आणि अंगावर पाणी घाला.

जू पुन्हा ठेवण्याआधी जूच बघा. हाताचा तळवा टेकणाऱ्या भागावरून फिरवा. खाच, गाठ, चिरलेली कड, खिळ्याचं डोकं, काही लागलं तर कानशीने आणि काचकागदाने घासून गोलसर करा. शिवळांमधलं अंतर मानेच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं मोकळं राहील एवढं हवं. जोतं असं बांधा की त्याच्या आणि गळ्याच्या मध्ये पसरलेला हात सहज जाईल. गोणपाट काढून टाका. ते सरकतं, त्याची घडी पडते, शिवण रुतते आणि घामाने भिजलं की कातडी मऊ पडून सोलते. गादी हवीच असेल तर सपाट, जुवालाच घट्ट बांधलेली, आणि रोज सुकवलेली. पावसात भिजलेल्या मानेवर सुकी गादीही घालू नका, आधी मान पुसून कोरडी करा. तेल लावायचं ते संध्याकाळी, धुऊन पुसलेल्या मानेवर. सकाळी जुंपताना नाही.

उजव्याला कधी जुंपायचं? सूज पूर्ण बसलेली, दाबल्यावर मान हलत नाही, कातडी कोरडी आणि चिमटीत धरली तर उचलली जाते, हे सगळं सलग दोन दिवस दिसलं की. डाव्याचा पाय त्याआधी नीट झालेला हवा, नाहीतर पुन्हा तेच. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दीड, असं दहा-अकरा दिवसांत सहा तासांवर या. नववा दिवस का बिघडला याचंही उत्तर यातच आहे: दोन महिने बांधलेली कातडी पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाला लावली. ती घट्ट व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात.

त्या दिवसांत उजव्याचं ओझं थोडं हलकं करता येतं. ४०० किलोचा बैल दिवसभर साधारण ४० किलोची ओढ सोसतो, जोडीची ८० धरा. समजा दोन मानांमध्ये १२० सेंटीमीटर अंतर आहे आणि वखराची दांडी बरोबर मध्ये बांधली आहे, म्हणजे प्रत्येकी ६०. तेव्हा दोघांना चाळीस-चाळीस. बांधणी सहा सेंटीमीटर डाव्याकडे सरकवा. डाव्याचं अंतर ५४, उजव्याचं ६६. ज्याच्या जवळ बांधणी, त्याला जास्त ओझं: डाव्यावर ४४, उजव्यावर ३६. सहाच्या पुढे सरकवू नका, जू पुन्हा तिरकं होईल. आणि वखराची पास अर्धा इंच वर घ्या. खोली कमी केल्याने जेवढी ओढ कमी होते तेवढी दांडी सरकवून होत नाही.

पहिल्या दिवशी जू उतरवल्यावर हाताचा मागचा भाग दोन्ही मानांवर, आत आणि बाहेर, चारही जागी टेकवून बघा. एक जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर दुसऱ्या दिवशी जुंपू नका आणि आधी डाव्याला चालवून पुन्हा त्याचे ठसे बघा.